पहिल्या भेटीत कौतुक कसं करावं: ‘छान दिसता’च्या पलीकडचं

दादरच्या एका वधूवर सूचक केंद्रात मी बरीच वर्षं काम करते. स्थळं जुळवणं हे आमचं काम, पण निम्मा वेळ जातो तो भेटीनंतरचे फोन घेण्यात. मुलगा म्हणतो, “मी तर चांगलंच बोललो हो, कौतुकही केलं, तरी नकार का?” मुलगी म्हणते, “माणूस वाईट नाही, पण सारखा दिसण्यावर येत होता. मला अवघडल्यासारखं झालं.” दोघंही खरं सांगत असतात. त्याला मनापासून कौतुक करायचं होतं आणि तिला ते मनापासून नको झालं होतं.

हा लेख फक्त सुरुवातीच्या कौतुकाबद्दल आहे. बायोडेटा किंवा अ‍ॅपवरची प्रोफाइल पाहून पाठवलेला पहिला मेसेज, पहिली भेट, आणि त्या रात्रीचा मेसेज, एवढंच. लग्नाला दहा वर्षं झालेल्या माणसाने बायकोला सुंदर म्हणावं की नाही हा विषय वेगळा आहे. म्हणावं.

दिसण्याचं कौतुक सुरुवातीलाच का अडतं

आपल्याकडच्या बायोडेटात अजूनही उंची, वर्ण, चष्मा असे रकाने असतात. मुलगी बावीस-तेवीस वर्षांची झाल्यापासून हे रकाने भरत असते आणि समोरचे त्यावर शेरे मारत असतात. कुणी ‘गव्हाळ’ लिहायला लावतं, कुणी फोटो उजळ करून मागतं. अशा मुलीला पहिल्याच वाक्यात “फोटोपेक्षा प्रत्यक्षात छान दिसता” म्हटलं, की तिला ऐकू येतं ते एवढंच: रकाना तपासला, पास आहात. बोलणाऱ्याच्या मनात तसं नसेलही, पण वाक्य त्याच रांगेत जाऊन उभं राहतं.

दुसरी अडचण उत्तराची. “तुमचे डोळे फार सुंदर आहेत” याला काय उत्तर द्यायचं? ‘थँक्यू’ म्हटलं तर विषय तिथेच संपतो. ‘छे, काहीतरीच’ म्हटलं तर समोरचा आणखी जोर लावतो. आणि मध्येच तिला हिशोब करावा लागतो, की हा आता पुढे कुठे जाणार आहे? ज्या माणसाला ती पंधरा मिनिटांपूर्वी पहिल्यांदा भेटली, त्याच्यासमोर बसून हा हिशोब करणं सुखाचं नसतं. अशा वेळी मुली ओढणी सारखी करतात, पर्स मांडीवर घेतात, आणि आपल्याला वाटतं लाजली.

तिसरं कारण साधं आहे. फोटो पाहून जे बोलता येतं ते फोटो पाहिलेला कुणीही बोलू शकतो, आणि बोललेला असतो. ओकेक्युपिड या अमेरिकन डेटिंग साइटने २००९ मध्ये आपल्याकडच्या पाच लाखांहून जास्त पहिल्या मेसेजांचा हिशोब मांडला होता. त्यात ‘ब्युटिफुल’, ‘सेक्सी’ असे शरीराबद्दलचे शब्द असलेल्या मेसेजांना उत्तरं कमी आली होती, आणि समोरच्याने प्रोफाइलमध्ये लिहिलेल्या एखाद्या गोष्टीचा नेमका उल्लेख असलेल्यांना जास्त. साइट अमेरिकेची, काळ जुना, पण आमच्या केंद्रातले फोन ऐकून मला त्यात काही आश्चर्य वाटत नाही.

पहिली पायरी: मिळालेलं आणि निवडलेलं वेगळं करा

बायोडेटा किंवा प्रोफाइल समोर घ्या आणि पेन्सिलीने दोन खुणा करा. जे त्या व्यक्तीला जन्माने, घराने, नशिबाने मिळालं त्याला एक खूण. जे तिने स्वतः निवडलं, सोडलं, टिकवलं किंवा शिकून घेतलं त्याला दुसरी. कौतुक दुसऱ्या खुणेतलं करायचं.

पहिल्या खुणेत रंग, उंची, डोळे, केस येतात हे उघडच आहे. पण मुंबईत आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे पत्ता. “पार्ल्याला राहता? वा!” “शिवाजी पार्कला स्वतःचा ब्लॉक? मस्तच!” हे ऐकणाऱ्याला कौतुक वाटत नाही, चौकशी वाटते. आजोबांनी पागडीने घेतलेल्या घरात नातीचं कर्तृत्व काहीच नसतं, आणि तुमची नजर घरावर आहे हे मात्र तिला कळतं. तेच आडनावाचं, तेच वडिलांच्या हुद्द्याचं. पगार थोडा कमावलेला असतो खरा, पण पहिल्या भेटीत त्याचं कौतुक करू नका. त्याला कायम भावाचा वास येतो.

दुसऱ्या खुणेत शोधायला जरा वेळ लागतो. इंजिनिअर होऊन चार वर्षांनी शिक्षिका झालेली मुलगी. अंबरनाथहून रोज फोर्टला जाऊनही संध्याकाळी गाण्याचा क्लास न चुकवणारा मुलगा. बायोडेटाच्या शेवटी ‘अपेक्षा’ या रकान्यात ‘घरात पुस्तकं असावीत’ एवढंच लिहिणारी कुणी. आता अंबरनाथच्या मुलाला “एवढ्या लांबून रोज? ग्रेट!” म्हणणं हे कौतुक नाही, त्या गाडीत तसे हजारो असतात. पण “साडेसातला घरी पोहोचल्यावर क्लासला परत बाहेर पडायचं म्हणजे तेवढं गाणं हवंच असणार” हे त्याच्याबद्दलचं आहे.

कपड्यांचा मामला दोन्हींच्या मध्ये येतो. साडी निवडलेली असते, पण ती अंगावर असते. इथे मी मुलांना एक साधी वाट सांगते: वस्तूबद्दल बोला, ती अंगावर कशी दिसते याबद्दल बोलू नका. “इरकल आहे ना? माझ्या आजीकडे अशीच होती” हे चालतं, कारण त्यावर ती साडीची गोष्ट सांगू शकते, किंवा ‘हो’ म्हणून पुढे जाऊ शकते. “साडी फार शोभते तुम्हाला” यावर तिला फक्त स्वतःच्या अंगाकडे बघता येतं. आणि इरकल ओळखता येत नसेल तर ओळखत असल्याचं सोंग आणू नका. “ही कुठली साडी?” असा सरळ प्रश्न विचारलेला बरा.

दुसरी पायरी: पहिला मेसेज, खोडत खोडत

एक काल्पनिक उदाहरण घेऊ, पण असे बायोडेटा आमच्याकडे पुष्कळ येतात. मुलगी मुलुंडची, वय एकोणतीस, फिजिओथेरपिस्ट. फोटो तीन: लग्नातला पैठणीतला, हरिश्चंद्रगडावरचा, आणि टेबल टेनिसच्या हॉलमध्ये शाळकरी मुलांच्या घोळक्यातला. स्वतःबद्दल तिने लिहिलंय: ‘शनिवारी सकाळी फोन उचलत नाही, टेबल टेनिसचा क्लास असतो. गेल्या वर्षी पहिल्यांदा बॅट हातात घेतली. क्लासमधली सगळी मुलं माझ्याहून लहान आहेत आणि सगळी मला हरवतात.’ मुलगा ठाण्याचा. त्याला ती खरंच आवडली आहे.

त्याचा पहिला खर्डा: “हाय, तुमची प्रोफाइल खूप छान वाटली. पैठणीतला फोटो अप्रतिम!” हा मेसेज आजच्या आज आणखी दहा जणींना जाऊ शकतो. माझी कसोटी तीच आहे: नाव झाकून मेसेज वाचा. तो दुसऱ्या कुणाला चालत असेल तर पाठवू नका.

दुसरा खर्डा: “या वयात नवीन खेळ शिकायला घेतलात, खरंच इन्स्पायरिंग आहे! तुमच्यासारख्या पॉझिटिव्ह व्यक्ती फार कमी असतात.” मुलाला वाटतं आता जमलं, कारण खेळाचा उल्लेख आला. पण दोन गोष्टी बिघडल्या आहेत. ‘या वयात’ने एकोणतिशीतल्या मुलीचं वय काढलं. आणि एका क्लासच्या जोरावर तिला अख्खं व्यक्तिमत्त्व बहाल केलं. अजून भेट झालेली नाही, फोन झालेला नाही, आणि ‘तुमच्यासारख्या व्यक्ती’? मोठं विशेषण लहान पुराव्यावर ठेवलं की ते डुगडुगतं, आणि ऐकणारीला ते लगेच जाणवतं. इथे आणखी एक गफलत आहे, जी पटकन दिसत नाही. तिने हरण्याबद्दल हसत लिहिलंय. याने त्याचा सुविचार केला. तिचा सूर सुटला.

तिसरा खर्डा: “दर शनिवारी लहान मुलांकडून हरायला जायचं आणि वर ते प्रोफाइलमध्ये लिहायचं, हे मला फार आवडलं. त्यांची सर्व्हिस आता परत मारता येते का?” हा पाठवण्यासारखा आहे. त्यात तिने केलेली एक गोष्ट आहे, तिने ती कशी सांगितली याची दखल आहे, आणि ‘मला आवडलं’ एवढंच मत आहे. ते मत त्याच्याबद्दलचं असल्यामुळे तिला खोडून काढावं लागत नाही. प्रश्न नेमका आहे. नवशिक्यांना फिरकीची सर्व्हिस परत करणंच सगळ्यात जड जातं, त्यामुळे उत्तर दोन ओळींत येतं आणि त्यात थट्टेला जागा असते. पैठणीचा उल्लेख नाही, गडाचा नाही. एका मेसेजमध्ये एकच कौतुक. तीन केली की तिन्ही स्वस्त होतात.

गडाचा फोटो मग वाया गेला का? नाही, तो दुसऱ्या दिवशीसाठी ठेवायचा. आणि तिथे कौतुकापेक्षा प्रश्नच बरा: “पाचनईकडून चढलात की खिरेश्वरकडून?” पाचनईची वाट त्या मानाने सोपी, खिरेश्वरची तोलार खिंडीतून जाणारी लांबची. ज्याने गड केलाय तो यावर बोलत राहतो. पण हे तुम्हाला ठाऊक असेल तरच. नकाशा पाहून डोंगरातला जाणकार व्हायला जाल तर तिसऱ्या मेसेजला उघडे पडाल.

मेसेज किती मोठा? फोनच्या पडद्यावर न सरकवता दिसेल एवढा. बदाम, गुलाब, आगीच्या ज्वाळा काहीही नको. रात्री साडेअकराला नको, शब्द चांगले असले तरी वेळ त्यांना वेगळा अर्थ देते. आणि ‘तुम्ही’. तिने ‘तू’ म्हणायला सांगितलं तरच ‘तू’. स्वतःहून अरेतुरेवर आलेला माणूस कितीही सभ्य कौतुक करो, ते अंगचटीला आल्यासारखं वाटतं.

तिसरी पायरी: भेटीत थांबा

तीच दोघं. दादरला भेटायचं ठरलंय, शनिवारी संध्याकाळी. तिने दुपारी मेसेज केला: ‘तुम्ही ठाण्याहून येणार ना? मग बाहेर पडताना फुलबाजाराच्या बाजूला उतरू नका, शनिवारी तिथून निघायलाच वेळ जातो. टिळक पुलाच्या बाजूने प्लाझाकडे या, मी तिथून जवळच असेन.’

हॉटेलच्या दाराशी दोघं समोरासमोर येतात. सगळ्यात जास्त चुका या क्षणी होतात. काहीतरी चांगलं बोलावं असं वाटत असतं आणि हाताशी फक्त जे दिसतंय तेच असतं. मग तोंडातून निघतं, “वॉव, छान दिसताय.” म्हणून दाराशी कौतुक करायचंच नाही. “गाडीत बसायला मिळालं का?” “आत बसू या की बाहेर?” एवढं पुरतं. भेट झाल्याचा आनंद चेहऱ्यावर दिसतोच, त्याला वाक्याची गरज नसते.

पहिली पंधरा-वीस मिनिटं ऐका. कौतुकाचा माल तिथे जमा होतो. तिने एखादा निर्णय कसा घेतला, एखादी अडचण कशी सोडवली, एखादी गोष्ट सांगताना कुठला बारकावा टिपला, यातलं काहीतरी नक्की हाती लागतं. नाही लागलं तर त्या दिवशी कौतुक करू नका. खरंच. न केलेल्या कौतुकामुळे नकार आल्याचा एकही फोन मी घेतलेला नाही.

आता हा मुलगा काय म्हणू शकतो ते पाहा. कॉफी आली आहे, गाडीचा विषय निघाला आहे.

“तुमचा रस्त्याचा मेसेज फार उपयोगी पडला. मी मध्य रेल्वेने उतरणार हे धरून लिहिला होतात. मला कुणालाही विचारावं लागलं नाही.”

“अहो, त्यात काय. मी रोजच येते इथे.”

“रोज येणाऱ्यांना रस्ता सांगता येतोच असं नाही. रोज म्हणजे तुमचं क्लिनिक इथेच आहे?”

“क्लिनिक नाही, हॉस्पिटल. पण संध्याकाळी दोन पेशंट घरी जाऊन बघते, ते इथले.”

आणि गाडी पुढे निघाली. पहिल्या वाक्यात काय आहे ते नीट बघा. तिने काय केलं ते आहे, त्यात त्याने काय ओळखलं ते आहे, आणि त्याचा त्याला काय फायदा झाला ते आहे. ‘तुम्ही किती विचारी आहात’ हे कुठेच नाही. ते तिचं तिने ठरवावं. एका मेसेजवरून कुणाला विचारी ठरवणं हे शाळेच्या प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यासारखं होतं, आणि शेरा देणारा आपोआप वरच्या खुर्चीत बसतो.

“अहो, त्यात काय” हे उत्तर मात्र समजून घ्यायला हवं. आपल्याकडे कौतुक थेट कुणी घेत नाही. ड्रेस चांगला म्हटलं की “सेलमधून घेतलाय”, भाजी चांगली म्हटलं की “आज मीठ जरा कमीच पडलंय”. अमेरिकेतही हे आहेच: अनिता पोमेरँट्झ या अभ्यासक बाईंनी १९७८ मध्ये यावर लिहिलं होतं, की कौतुकाला होकार द्यावा तर आत्मस्तुती होते आणि नाकारावं तर समोरच्याचं बोलणं मोडल्यासारखं होतं, म्हणून माणसं मधली वाट काढतात. ‘त्यात काय’ ही आपली मधली वाट. कौतुक पोहोचलेलं असतं. इथे “नाही नाही, खरंच सांगतो, तुम्ही मानतच नाही” असा आग्रह धरला, की तिला एक तर कबूल करावं लागतं किंवा वाद घालावा लागतो. एक हलका दुजोरा द्या आणि लगेच पुढचा प्रश्न विचारा. तो प्रश्न तिच्यासाठी दार उघडून ठेवतो.

बोलताना आवाज नेहमीचा ठेवा. वाक्य टाकून तिच्या चेहऱ्याकडे परिणाम बघत बसू नका, कपाकडे बघा. तासाभराच्या भेटीत असं एक पुरतं, फार तर दोन. आणि तिच्या देखत तिचं कौतुक तिसऱ्याला ऐकवू नका, मग तो वेटर असो की तुमची आई. घरच्यांसोबतच्या भेटीत तर आणखी जपा. तिथे मुलाने मुलीला म्हटलेलं प्रत्येक वाक्य दोन्हीकडच्या मावश्या पसंती म्हणून लिहून घेतात.

चिमटा लपवलेली वाक्यं

काही वाक्यं बोलणाऱ्याला कौतुक वाटतात आणि ऐकणाऱ्याला घरी गेल्यावर बोचतात. ओळखायची खूण सोपी आहे: वाक्यात ‘तरी’, ‘असून’, ‘वाटत नाही’ किंवा ‘इतर मुलींसारख्या’ आलं की थांबा.

“सावळ्या असलात तरी फोटोजेनिक आहात.” “मुंबईच्या असून किती साध्या!” “तुम्ही तिशीच्या वाटत नाही.” “इतर मुलींसारख्या तुम्ही नाही, अगदी डाऊन टू अर्थ.” यातल्या प्रत्येक वाक्यात आधी कुणाला तरी खाली ढकललंय, तिच्या रंगाला, तिच्या शहराला, तिच्या वयाला, तिच्या मैत्रिणींना, आणि मग तिला वर काढलंय. शेवटच्यात तर गंमत आहे. ‘इतर मुली’ म्हणजे तिची बहीण, तिची रूममेट, तिच्या ऑफिसातल्या सगळ्या. त्यांच्यावर थुंकून केलेला मान कुणाला हवा असतो?

याच घराण्यातलं पण जास्त फसवं वाक्य म्हणजे “नोकरी करून स्वयंपाकही येतो? वा!” मुलगा मनापासून बोलतो. मुलीला मात्र त्यात पुढच्या तीस वर्षांच्या कामाची वाटणी ऐकू येते. कौतुकातून अपेक्षा बाहेर पडते ती अशी. आमच्याकडच्या एका मुलीने भेटीनंतर फोनवर सांगितलं होतं, “काकू, त्यांनी माझं कौतुक नाही केलं, इंटरव्ह्यू पास झाल्याचं सांगितलं.” तिच्या पोळ्या चांगल्या आहेत हे बोलायचंच असेल तर एकदा जेवा, आणि मग पोळ्यांबद्दल बोला.

चुकलं हे कसं ओळखायचं

एका शब्दाचं ‘थँक्यू’ आणि त्यानंतर शांतता. उत्तरं अचानक छोटी होणं. सहज बोलणारी व्यक्ती एकदम आई, बाबा, दादा यांचे दाखले देऊ लागणं. खुर्ची मागे सरकणं, घड्याळ, फोन. यातली एखादीच खूण दिसली तर ती लोकलच्या वेळेमुळेही असू शकते. तुमच्या एखाद्या वाक्यानंतर लगेच दोन-तीन एकत्र दिसल्या तर ते वाक्यच कारण समजा.

मग काय करायचं? माफीचं भाषण नको. “माझा तसा हेतू नव्हता, तुम्ही गैरसमज करून घेऊ नका” या वाक्याने चूक तिच्या गैरसमजावर ढकलली जाते, आणि वर तुमची समजूत काढायचं काम तिला लागतं. बोललेलं उघडच वावगं असेल तर एकदाच, “हे मी बोलायला नको होतं,” आणि विषय कामाचा, खाण्याचा, कशाचाही. फक्त थोडं अती झालं असेल तर काही न बोलता विषय बदला आणि उरलेल्या वेळात कौतुक नाही. ती पुन्हा मोकळी झाली तर बरं. नाही झाली तर बिल मागवा आणि वेळेत निघा.

मुलींनी मुलांचं कौतुक करताना

नियम तेच, अडचण वेगळी. मुलांचं कौतुक कमी होतं, झालं तर पगाराचं, उंचीचं किंवा ‘हँडसम’ एवढंच. त्यामुळे एखादं नेमकं वाक्य मिळालं की काही जण त्याचा अर्थ होकार धरतात. तुमचं ठरलेलं नसेल तर कौतुक केलेल्या गोष्टीपुरतंच राहील अशी भाषा ठेवा: “चूक वेटरची होती, पण तुम्ही आवाज चढवला नाहीत, ते बरं वाटलं.” ‘तुमच्यासोबत किती सेफ वाटतं’ हे पहिल्या भेटीत नको. ते खरं असलं तरी त्याचं वजन फार होतं. आणि “तुम्ही घरात मदत करता? किती चांगले!” हेही जपून. स्वतःच्या घरातलं काम ही मदत कुणाला, असा प्रश्न विचारणारे मुलगे आता भेटतात, आणि मला ते आवडतात.

रात्रीचा मेसेज, आणि नकार आला तर

घरी पोहोचल्यावर एक मेसेज ठीक आहे. त्यात भेटीतली एक गोष्ट यावी, शक्यतो तुमच्या डोक्यात नंतरही घोळत राहिलेली: “तुम्ही सांगितलेले ते आजोबा, जे व्यायामाला नाही म्हणतात पण बॉल टाकला की झेलतात, ते अजून डोक्यात आहेत. पुढच्या शनिवारी कोण जिंकतं ते कळवा.” तिच्या कामातला बारकावा तुम्ही लक्षात ठेवलात, हेच कौतुक झालं. ‘आजची संध्याकाळ आयुष्यातली सर्वांत सुंदर’ वगैरे नको. एका कॉफीत आयुष्य येत नाही.

उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दिवशी आणखी गोड मेसेज टाकू नका. नकार आला, किंवा तिने पुढे बोलायचं नाही असं सांगितलं, की कौतुकही बंद. तिथून पुढचं प्रत्येक गोड वाक्य दबाव असतो. स्पष्ट नकारानंतर एखाद्या बाईशी पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा ठरू शकतो, ‘मी तर फक्त चांगलं बोलत होतो’ हा त्यावर बचाव नाही. ऑफिसातल्या सहकाऱ्याबद्दल काही वाटत असेल तर २०१३चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदाही आहे. तिथे कौतुक कामाचंच ठेवा आणि सगळ्यांसमोर म्हणता येईल एवढंच.

नकार तुम्हाला द्यायचा असेल तेव्हाही कौतुकाचा प्रश्न येतोच. “तुम्ही खूप चांगल्या आहात, पण” या वाक्यातलं ‘पण’ येईपर्यंत समोरची व्यक्ती श्वास रोखून बसते, आणि आधीचं सगळं तिला खोटं वाटायला लागतं. नकार आधी लिहा. मग खरंच काही आवडलं असेल तर एक ओळ, नाहीतर नुसता नमस्कार: “मला हे पुढे न्यावंसं वाटत नाही, म्हणून लवकर कळवतोय. तुम्ही घरी जाऊन पेशंट बघता त्याबद्दल ऐकायला आवडलं. काळजी घ्या.” उत्तराची वाट बघू नका, आणि केंद्रामार्फत भेट झाली असेल तर आम्हालाही त्याच दिवशी कळवा, म्हणजे तिच्या घरचे आठवडाभर फोनकडे बघत बसणार नाहीत.